येण्यांची यादी आणि साहेबांना विचारायचा प्रश्न

समजा, भोसरीत पाइप फिटिंग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. हिशेब विभागात वर्षभरापूर्वी लागलेली एक मुलगी काम करते. एप्रिलमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी घरी निघता निघता तिचे साहेब तिच्या टेबलाशी थांबतात आणि म्हणतात, “अगं, ते येण्यांचं एकदा व्यवस्थित काढून ठेव. सोमवारी लागेल.” ती “हो सर” म्हणते आणि साहेब जिना उतरून जातात.

हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत ऐकू येईल. वरवर पाहता त्यात सगळं आहे: काय काढायचं आणि कधी द्यायचं. पण ती मुलगी टॅली उघडून बसली की पहिल्याच पडद्यावर अडते. येणी कोणत्या तारखेपर्यंतची धरायची, आजपर्यंतची की ३१ मार्चअखेरची? बिल किती जुनं आहे हे बिलाच्या तारखेपासून मोजायचं की पैसे देण्याची मुदत संपल्यापासून? टॅली दोन्ही प्रकारे मोजून देतं, त्यामुळे निवड तिलाच करावी लागते. निवडीने किती फरक पडतो हे एका बिलावरून दिसेल. १० जानेवारीचं ४,२०,००० रुपयांचं बिल आहे आणि गिऱ्हाइकाला ६० दिवसांची उधारी दिली आहे. ३१ मार्चला हे बिल काढल्यापासून ८० दिवस झाले, म्हणून एका पद्धतीने ते ६१ ते ९० दिवसांच्या रकान्यात जातं. मुदत ११ मार्चला संपली, म्हणून दुसऱ्या पद्धतीने थकबाकी फक्त २० दिवसांची आणि रकाना ० ते ३० चा. शंभर बिलांना हाच हिशेब लावला की दोन याद्या एकमेकींना ओळखही देत नाहीत.

साहेबांना हे कळत नाही का? कळतं, पण त्या क्षणी दिसत नाही. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला होता. काही जणांनी ओळखीच्या गाण्याची लय टेबलावर बोटांनी वाजवायची आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी सहज ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं सुरू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. साहेबांच्या डोक्यातही सोमवारची बैठक, तिथे बसणारी माणसं आणि त्यांचे प्रश्न सगळं वाजत असतं. त्यांनी हाताखालच्या माणसाची परीक्षा घेण्यासाठी मोघम सांगितलेलं नसतं, हे आधी मनाशी पक्कं केलं की विचारताना आवाजात अपराधीपणा येत नाही.

तरीही विचारायची भीती खरी आहे. शुक्रवारी सकाळी जाऊन “सर, नक्की कसं काढू?” असं विचारलं तर साहेबांच्या कपाळावर आठी पडणार, आणि ती आठी अन्यायाचीही नाही. त्या प्रश्नात तिने स्वतः काही पाहिल्याची खूण नाही. विचार करायचं सगळं काम तो प्रश्न साहेबांच्या टेबलावर परत नेऊन ठेवतो. अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स, फ्रान्चेस्का जीनो आणि मॉरिस श्वाइत्झर यांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच मुद्द्यावर आहे. सल्ला विचारणारा माणूस लोकांना अधिक हुशार वाटतो असं त्यांना आढळलं, पण काम अवघड असेल तेव्हाच. सोप्या गोष्टीचा सल्ला विचारून हा लाभ मिळत नाही. म्हणजे आपल्या प्रश्नातला खरोखर अवघड भाग कोणता, हे साहेबांकडे जाण्याआधीच वेगळं काढलेलं असलं पाहिजे.

तो वेगळा काढायला तिला अर्धा-पाऊण तास पुरतो. पहिल्यांदा मागच्या वेळची यादी शोधायची. ती सामाईक फोल्डरमध्ये सापडली तर रकाने किती दिवसांचे, क्रम अक्षरांचा की रकमेचा, असे बरेच प्रश्न तिथेच संपतात. हे प्रश्न साहेबांपर्यंत गेले तर मात्र ती खरोखरच निष्काळजी दिसेल. मग राहतात शेजारच्या टेबलावर सुटणारे प्रश्न. टॅलीत काही पार्ट्यांचे पैसे ‘ऑन अकाउंट’ पडलेले असतात, म्हणजे रक्कम आली आहे पण कोणत्या बिलापोटी ते लावलेलं नाही. अशा वेळी पैसे देऊन मोकळ्या झालेल्या गिऱ्हाइकाचं जुनं बिल यादीत थकलेलंच दिसतं. ही यादी हाती घेऊन विक्रीच्या माणसाने त्याला फोन केला तर नाचक्की कंपनीची होते. पण याचा उलगडा पावत्यांची नोंद करणाऱ्या सहकाऱ्याकडे आणि पार्टीने पाठवलेल्या ईमेलमध्ये आहे, साहेबांकडे नाही.

एवढं झाल्यावर जे उरतं ते फक्त साहेबांनाच माहीत असलेलं. आणि माझ्या मते बहुतेक वेळा तो एकच प्रश्न असतो: सोमवारी हा कागद कोणाच्या हातात जाणार आहे?

येण्यांच्या यादीची कमीत कमी तीन गिऱ्हाइकं असू शकतात. कॅश क्रेडिट देणाऱ्या बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं आणि त्यात येणीही असतात. साधारणपणे ९० दिवसांपलीकडची येणी बँक उचल मर्यादा ठरवताना धरत नाही. नेमके किती दिवस आणि कधीपासून, हे मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. विक्रीच्या बैठकीत मात्र मुदत कोणाची उलटली आणि ती पार्टी कोणत्या प्रतिनिधीकडे आहे, एवढंच लागतं. आणि मालक किंवा ऑडिटर बघणार असतील तर वादात अडकलेली आणि बुडण्याच्या बेतातली बिलं वेगळी दाखवावी लागतात. कागद कोणासाठी हे कळलं की तारीख, मोजण्याची पद्धत, रकाने, वादातली बिलं हे चारही प्रश्न एकदम सुटतात. म्हणून स्वरूपाबद्दल चार बारीक प्रश्न विचारण्यापेक्षा उपयोगाबद्दलचा एक विचारावा.

शुक्रवारी सकाळी साहेब चहा घेऊन बसले की तिने म्हणावं: “सर, येण्यांची यादी ३१ मार्चअखेरची काढायला घेतली आहे. सोमवारी ती बँकेसाठी हवी आहे की सेल्सच्या मीटिंगसाठी? बिलाच्या तारखेपासून मोजलं तर ९० दिवसांवरची रक्कम ४२ लाख येते आणि मुदतीपासून मोजलं तर ११ लाख. सेल्ससाठी असेल तर मी मुदतीपासूनची धरते.” चार वाक्यांत काम सुरू झालेलं दिसतं, अडचण आकड्यांसकट दिसते आणि उत्तर “हो, सेल्ससाठीच” इतक्या दोन शब्दांत देता येतं. ४२ आणि ११ हे आकडे ऐकल्यावर कोणताही साहेब मान वर करून बघतो. काही वेळा तर प्रश्न महत्त्वाचा आहे हे त्यालाही तेव्हाच उमगतं.

वेळेचंही गणित आहे. गुरुवारी जिन्याशीच “सर, कोणासाठी लागणार आहे?” एवढं विचारलं असतं तर ते अगदी सहज खपलं असतं. शुक्रवारी सकाळी तयारीनिशी विचारलं तर ते कामाचा भाग वाटतं. सोमवारी नऊ वाजता हाच प्रश्न, याच शब्दांत, कितीही नम्रपणे विचारला तरी चार दिवस काय केलं असं मनात येणारच. आणखी एक उपाय फार उपयोगी पडतो: पाच पार्ट्यांचाच नमुना तयार करून समोर ठेवायचा. पुष्कळ साहेबांना काय हवं ते शब्दांत सांगता येत नाही, पण समोर कागद आला की “हा रकाना नको, प्रतिनिधीचं नाव टाक” हे लगेच सुचतं. पूर्ण यादी करून मग नावं ठेवून घेण्यापेक्षा पाच ओळींवर दुरुस्ती करून घेणं कितीतरी स्वस्त.

कधी साहेब म्हणतात, “तू बघ ना, तुला कळतं.” याचा अर्थ निर्णय तिच्यावर सोपवला आहे, पण तो अंगावर शेकणार नाही याची हमी त्यात नाही. अशा वेळी काय ठरवलं ते लेखी कळवावं. फक्त “उत्तर आलं नाही तर होकार समजते” हा सूर वरिष्ठांना लिहिताना आपल्याकडे बोचतो. त्याऐवजी लिहावं, “सर, सकाळी बोलल्याप्रमाणे यादी ३१ मार्चअखेरची, मुदतीपासून मोजून काढत आहे. काही बदल हवा असल्यास संध्याकाळपर्यंत सांगितलंत तर शनिवारी पूर्ण करता येईल.” आणि यादीच्या डोक्यावरही तारीख, मोजण्याची पद्धत आणि ऑन अकाउंट रकमा वजा केल्या की नाहीत हे दोन ओळींत छापावं. बैठकीत कोणी आकड्यावर बोट ठेवलं तर साहेबांनाही उत्तर समोर सापडतं.

साहेबांनाच वरून अर्धवट सांगितलं गेलं असेल तर ही सगळी तयारी अपुरी पडते. ते उत्तर देताना घुटमळतात, किंवा सकाळी एक आणि दुपारी दुसरं सांगतात, त्यावरून हे ओळखता येतं. तेव्हा “मालकांनी नेमकं काय म्हटलं होतं?” असं विचारलेलं चालतं. मूळ शब्द कानावर आले की पुष्कळदा दोघांना मिळून अर्थ लागतो. तरीही नाही लागला तर दोन्ही याद्या काढणं शहाणपणाचं. टॅलीत दुसरी यादी काढायला फार वेळ लागत नाही.

एक प्रकार मात्र याहून अगदी वेगळा आहे आणि तरुण मुलामुलींनी तो ओळखायला शिकावं असं मला कळकळीने वाटतं. समजा, यादी बँकेसाठी आहे आणि साहेब म्हणतात, “त्या तीन पार्ट्यांची बिलं ९० दिवसांच्या आत बसतात का बघ.” याचा अर्थ तपासून सांग असा असू शकतो, किंवा तारखा अशा कर की ती बसतील असाही. बँकेला चुकीच्या तारखांचं स्टेटमेंट देणं ही फसवणूक आहे, आणि यादी तयार करणारी म्हणून प्रश्न तिलाही विचारला जाऊ शकतो. इथे आपण अडाणी दिसू का याचा विचारच करायचा नाही. “सर, तपासलं. तिन्ही बिलं डिसेंबरची आहेत, ९० दिवसांच्या बाहेर जातात. ती तशीच दाखवते,” असं सरळ बोलावं आणि तेच ईमेलने पाठवावं. साहेबांना तपासूनच हवं असेल तर त्यांना उत्तर मिळालं. दुसरं काही हवं असेल तर ते त्यांना आता स्पष्ट शब्दांत आणि लेखी मागावं लागेल.