मामा, तुमच्या पाटीला उत्तर

आमच्या पेठेतल्या पिठाच्या गिरणीवर खडूने लिहिलेली पाटी लागली आहे. महिनाअखेरीस गिरणी कायमची बंद, राहिलेले डबे घेऊन जावेत, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. अशा पाटीला गिऱ्हाइकाने उत्तर द्यावं असं मला मनापासून वाटतं, आणि तेही लेखी. तोंडी आपण 'फार सवय झाली होती हो तुमची' एवढंच म्हणतो. हे वाक्य वाण्यालाही चालतं आणि शिंप्यालाही. गिरणीवाल्याने आपल्यासाठी नेमकं काय केलं, ते त्यात येत नाही.

ते सांगायचं तर दळणाचं काम थोडं समजून घ्यावं लागतं. गिरणीत दोन दगड असतात, एक स्थिर आणि एक फिरणारा. त्यांच्यावरच्या खाचा धान्य कापतात. दळून दळून खाचा बोथट होतात. मग धान्य कापलं न जाता रगडलं जातं, पीठ जास्त तापतं आणि पोळीला चव राहत नाही. म्हणून दगड उघडून त्यांना छिन्नी-हातोड्याने टाकी लावावी लागते. टाकी लावल्यावर निघणाऱ्या पहिल्या पिठात दगडाची कच असते. मामा त्या वेळी स्वतःचं धान्य घालून गिरणी फिरवायचे आणि ते पीठ टाकून द्यायचे. आमच्या पोळीत कधी कचकच लागली नाही, त्यामागे हे टाकून दिलेलं पीठ होतं.

दुसरी गोष्ट दळणाच्या क्रमाची. एक दळण संपलं तरी थोडं पीठ दगडांत आणि खालच्या कापडी पिशवीत अडकून राहतं आणि पुढच्याच्या डब्यात जातं. गव्हावर गहू असेल तर कुणाचं काही बिघडत नाही. पण उपासाची भाजणी गव्हानंतर दळली तर उपास मोडला. म्हणून आषाढी एकादशीच्या आधी मामा एक सकाळ वरई, राजगिरा आणि साबुदाण्यासाठी राखून ठेवत. आदल्या रात्री गिरणी झाडून घेत, सकाळी मूठभर वरई फिरवून ती बाजूला काढत आणि मगच पहिला डबा ओतत. भाजणीचा डबा हाताला कोमट लागला तर परत पाठवत. गरम धान्य दळताना दगडाला चिकटतं, म्हणून ते पूर्ण निवल्यावर आणायला सांगत. तेव्हा राग यायचा, पण थालीपीठ खुसखुशीत व्हायचं.

मी लिहिलेल्या उत्तरातला हा मुख्य भाग :

'मामा, ज्वारी एका वेळी आठवड्यापुरतीच दळा, असं तुम्ही माझ्या सासूबाईंना आणि नंतर मला सांगितलंत. पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कडेला फाटते, हे तुमच्यामुळे कळलं. जास्त दळलं असतं तर तुमचा फायदाच होता. बाजरीचंही तसंच. पीठ लवकर कडवट होतं म्हणून तुम्ही मोठा डबा कधी घेतला नाहीत. दळण नेताना "घरी गेल्यावर झाकण उघडं ठेवा, वाफ जाऊ द्या" हे तुम्ही प्रत्येकाला सांगत होतात. ते न ऐकल्यामुळे झालेले पिठाचे गोळे मी पाहिले आहेत.

'शेजारच्या मुलीला सीलिॲक आजार निघाला, तेव्हा तिची आई ज्वारी घेऊन तुमच्याकडे आली होती. पहाटे सगळ्यांत आधी दळून द्या, म्हणाली. तुम्ही दगडाच्या कडेवर बोट फिरवून पांढरी पूड दाखवलीत आणि म्हणालात, "ताई, कितीही झाडलं तरी गहू राहतोच. पोरीला कणभरही चालणार नाही. घरगुती चक्की घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका." एक गिऱ्हाईक तुम्ही स्वतःहून परत पाठवलंत. आपल्या कामाची मर्यादा गिऱ्हाइकाला सांगणारा माणूस आमच्या गल्लीत होता, याबद्दल तुमचे आभार मानते.

'डब्यांवर नाव नसताना कोणता कुणाचा हे ओळखणाऱ्या तुमच्या मदतनिसालाही हे वाचून दाखवा.'

पत्र गिरणी चालू आहे तोवरच द्यायचं ठरवलं आहे, कारण एकदा शटर पडलं की मामा गावी जाणार आहेत. खाली एक प्रश्नही लिहिला आहे : आता चकलीची भाजणी कुणाकडे न्यावी? त्यांनी सांगितलेल्या गिरणीत दिवाळीआधी एक किलोच नेऊन बघेन. गव्हावर दळून दिली तर कळेलच.