एक ऑर्डर, अकरा टास्क

डोंबिवलीत दोघी बहिणी घरून दिवाळीचा फराळ विकतात, असं समजू. गिऱ्हाईक गूगल फॉर्म भरतं : नाव, फोन, पत्ता, कोणत्या तारखेला हवं आणि चकली, चिवडा, बेसन लाडू, शंकरपाळे यांपैकी काय, किती. फॉर्म आला की त्यातला तपशील वहीत उतरवणं, गिऱ्हाइकाला मेल पाठवणं आणि स्वयंपाकघरात निरोप देणं ही कामं हातानं करायची नाहीत, म्हणून त्या झॅपियर नावाची सेवा घेतात. साडेसातशे टास्कचा मासिक प्लॅन निवडतात. दिवाळीत आपल्याला फार तर दीडशे ऑर्डर येतील, म्हणजे साडेसातशे पुष्कळ झाले, असा त्यांचा हिशेब असतो. प्रत्यक्षात अडुसष्टावी ऑर्डर होते आणि कोटा संपतो.

यात कंपनीनं फसवलेलं नाही आणि यंत्रणाही बिघडलेली नाही. बहिणींनी मोजल्या ऑर्डरी, कंपनीनं मोजली कामं.

झॅपियर 2011 मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, कोलंबिया या गावी सुरू झाली. ओळीचाही प्रोग्रॅम न लिहिता एका ॲपमधली माहिती दुसऱ्या ॲपकडे पाठवायची, हे तिचं काम. अशा प्रत्येक मांडणीला तिथे ‘झॅप’ म्हणतात. झॅपची सुरुवात ट्रिगरनं होते. ट्रिगर म्हणजे ज्या घटनेची वाट पाहायची ती, इथे नवा फॉर्म येणं. त्यानंतर येतात ॲक्शन, म्हणजे त्या घटनेमुळे करायची कामं. हिशेबाचा नियम एका ओळीत सांगता येतो : ट्रिगर मोजला जात नाही, यशस्वी झालेली प्रत्येक ॲक्शन म्हणजे एक टास्क. नवा फॉर्म आला का, हे झॅपियर दर काही मिनिटांनी पाहत राहते. त्या पाहण्याचे पैसे लागत नाहीत. एखादी ॲक्शन चुकली, समजा ईमेलचा पत्ता रिकामा असल्यामुळे मेल गेलीच नाही, तर ती टास्कमध्ये धरली जात नाही.

आता बहिणींचा झॅप उलगडून पाहू. फॉर्म आल्यावर पहिली ॲक्शन गिऱ्हाइकाचं नाव गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये घालते. दुसरी पोचवण्याच्या तारखेला कॅलेंडरमध्ये नोंद करते. तिसरी गिऱ्हाइकाला ‘ऑर्डर मिळाली’ अशी मेल पाठवते. हे झाले तीन टास्क. इथेच थांबलं असतं, तर साडेसातशेत अडीचशे ऑर्डरी बसल्या असत्या.

पण चकली एक बाई करते, लाडू दुसरी. प्रत्येक पदार्थ वेगळ्या ओळीत लिहिला गेला पाहिजे आणि तो करणाऱ्या बाईला टेलिग्रामवर निरोप गेला पाहिजे. त्यासाठी झॅपमध्ये लूप टाकला जातो. लूप म्हणजे यादीतल्या प्रत्येक वस्तूसाठी तीच कामं पुन्हा करणं. लूपच्या पायरीचा स्वतःचा टास्क धरला जात नाही, मात्र लूपच्या आतली प्रत्येक ॲक्शन जितक्या वेळा चालेल तितक्या वेळा मोजली जाते. एका ऑर्डरीत चार पदार्थ धरले, तर शीटमध्ये चार ओळी आणि टेलिग्रामवर चार निरोप, म्हणजे आठ टास्क झाले. आधीचे तीन मिळवले की एका ऑर्डरीचे अकरा टास्क होतात.

```
3 + (2 × 4) = 11
750 ÷ 11 ≈ 68
```

स्क्रीनवर हा झॅप बघितला, तर ट्रिगर, तीन ॲक्शन, लूप आणि लूपमधल्या दोन ॲक्शन एवढंच दिसतं. मोजायला बसलं तर पाच ॲक्शन. लूप किती वेळा फिरणार, ते मांडणीत दिसत नाही, गिऱ्हाइकानं फॉर्ममध्ये किती पदार्थ निवडले त्यावर ते ठरतं. म्हणून झॅप तयार करताना अंदाज चुकतो आणि खरा आकडा ऑर्डरी सुरू झाल्यावरच कळतो. कुणी आठ पदार्थ मागवले, तर त्या एकाच फॉर्ममध्ये एकोणीस टास्क जातात.

कोटा संपल्यावर काय होतं, ते खात्याच्या सेटिंगवर अवलंबून असतं. जादा टास्कचे पैसे आकारण्याची सोय चालू असेल, तर झॅप चालू राहतो, पण त्यापुढच्या प्रत्येक टास्कचा दर प्लॅनमधल्या दराच्या सव्वापट असतो. त्यालाही प्लॅनच्या तिप्पट टास्कपर्यंतच मुभा आहे. ही सोय बंद असेल, तर नवे फॉर्म अडवून ठेवले जातात आणि `Zap History` या पानावर त्यांच्यापुढे `Held` असा शेरा दिसतो. ते हरवत नाहीत, नंतर पुन्हा चालवता येतात. पण वसुबारसेला पोचवायची ऑर्डर पाडव्यानंतर चालवून उपयोग काय? शिवाय अडलेल्या फॉर्मची मेल गिऱ्हाइकाला जात नाही, स्वयंपाकघरात निरोपही येत नाही. ऑर्डर आली होती, हे बहिणींना समजतं ते गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर.

हाच झॅप थोडा बदलला, तर तेवढ्याच साडेसातशेत दुपटीहून अधिक ऑर्डरी मावतात. पहिला बदल शीटमधला. गूगल शीट्ससाठी झॅपियरमध्ये एकाच वेळी अनेक ओळी लिहिणारी वेगळी ॲक्शन आहे, तिचं नाव `Create Multiple Spreadsheet Rows`. ती वापरली की चारही पदार्थ एकाच टास्कमध्ये लिहिले जातात आणि लूपची गरजच उरत नाही. दुसरा बदल निरोपाचा. चकली करणाऱ्या बाईला दर ऑर्डरीगणिक टेलिग्राम कशाला हवा? तिला उद्या किती किलो करायची, एवढंच हवं असतं. रोज रात्री आठ वाजता चालणारा एक छोटा वेगळा झॅप करून शीटची लिंक ग्रुपवर टाकली, तर दिवसाला एक, म्हणजे महिन्याला तीस टास्क लागतात. आता एका ऑर्डरीला चारच टास्क : कॉन्टॅक्ट, कॅलेंडर, मेल आणि शीट. साडेसातशेतून तीस वजा केले, तर उरलेल्या सातशेवीसमध्ये एकशेऐंशी ऑर्डरी बसतात. दिवाळी निभावली.

तिसरा बदल पायऱ्यांच्या क्रमाचा. झॅपियरची काही घरची साधनं टास्कमध्ये धरली जात नाहीत. अट तपासणारा फिल्टर, मजकूर किंवा तारीख नीट करणारा फॉर्मॅटर, वाटा फोडणारे पाथ्स ही त्यांतली. फिल्टर अडला की पुढची एकही ॲक्शन चालत नाही. बहिणी फक्त कल्याण-डोंबिवलीत फराळ पोचवत असतील, तर पिनकोड तपासणारा फिल्टर ट्रिगरच्या लगेच खाली हवा. तोच फिल्टर कॅलेंडरच्या नोंदीनंतर ठेवला, तर पुण्याहून कुतूहलानं भरलेल्या प्रत्येक फॉर्मवर दोन टास्क वाया जातात.

याहून मोठा धोका असतो तो झॅप स्वतःलाच जागं करण्याचा. बहिणींनी दुसरा एक झॅप केला : शीटमध्ये ओळ नवी आली किंवा बदलली, की मेल पाठवायची आणि त्याच ओळीत ‘मेल पाठवली’ असं लिहायचं. लिहिल्यामुळे ओळ बदलते. बदललेली ओळ हाच तर ट्रिगर आहे. त्यामुळे झॅपच्या कामातूनच पुढचा ट्रिगर तयार होतो, आणि एका ऑर्डरीवर कोट्याचा बराच भाग खर्च होण्याची वेळ येते. ओळखायची खूण सोपी आहे. `Zap History` मध्ये एकाच गिऱ्हाइकाचं नाव काही मिनिटांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा दिसतं. यावर उपाय म्हणजे ट्रिगरला शीटचा एकच रकाना नेमून देणं, आणि त्या रकान्यात झॅपनं कधीही न लिहिणं.

सगळ्या सेवा असंच मोजतात असंही नाही. मेक ही प्राग शहरात सुरू झालेली सेवा 2022 पर्यंत इंटिग्रोमॅट या नावानं ओळखली जायची. ती प्रत्येक मॉड्यूलचं चालणं मोजते. पूर्वी या एककाला ऑपरेशन म्हणत, 2025 पासून क्रेडिट म्हणतात, आणि साध्या मॉड्यूलला एकेक क्रेडिट लागतं. झॅपियरमध्ये फुकट असलेला ट्रिगर इथे मोजला जातो. इतकंच नव्हे, ‘नवं काही आलं का’ म्हणून डोकावून रिकाम्या हातानं परतलं, तरी एक क्रेडिट जातं. फुकटच्या प्लॅनमध्ये महिन्याला हजार क्रेडिट मिळतात. दर पंधरा मिनिटांनी डोकावायचं ठरवलं, तर दिवसाला शहाण्णव खेपा होतात, आणि एकही ऑर्डर न येता अकराव्या दिवशी हजार संपतात. तिथे फॉर्मकडून थेट निरोप घेणारा, वेबहुकवर चालणारा ट्रिगर वापरणं शहाणपणाचं, कारण तो माहिती आली तरच चालतो.

बर्लिनमध्ये 2019 साली सुरू झालेल्या एन-एट-एनचा हिशेब तिसराच. तिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंतची एक फेरी हे एक एकक. आतल्या पायऱ्या पाच असोत की पन्नास. झॅपियर पदार्थागणिक बिल लावते, तर एन-एट-एन थाळीचं. बहिणींची चार पदार्थांची ऑर्डर तिथे अकरा नाही, एकच मोजली जाते. पण तिथेही फेरी घड्याळावर लावली, तर गणित उलटतं. दर पाच मिनिटांनी चालणारी फेरी महिन्याला 8,640 वेळा चालते, हाती काही लागो वा न लागो. थोडक्यात, पायऱ्या जास्त आणि घटना कमी असतील तर एन-एट-एनची पद्धत परवडते. पायऱ्या दोन-तीनच आणि तपासणी मात्र सतत हवी असेल, तर झॅपियरची.

म्हणून प्लॅन घेण्याआधी कागदावर तीन आकडे लिहावेत : महिन्यात सर्वांत गर्दीच्या काळात किती घटना येतील, एका घटनेमागे किती ॲक्शन आहेत, आणि लूप असेल तर तो साधारण किती वेळा फिरेल. लूपमधल्या ॲक्शन फेऱ्यांनी गुणून बाकीच्या ॲक्शनमध्ये मिळवाव्यात, त्या बेरजेला घटनांनी गुणावं, आणि येणारा आकडा प्लॅनच्या आकड्यापेक्षा कमी असायला हवा. गर्दीचा काळ दिवाळीचा असेल, तर सरासरी महिन्यावरून हिशेब करून चालत नाही, कारण झॅपियरमध्ये श्रावणात न वापरलेले टास्क आश्विनात जमा होत नाहीत. झॅप सुरू केल्यावर पहिल्या दहा ऑर्डरींचा खरा खर्च `Zap History` मध्ये पाहावा, आणि तो कागदावरच्या आकड्याशी जुळला नाही, तर झॅप तिथेच थांबवून लूप आणि फिल्टर आधी तपासावेत.