उन्हात जुळलं, ट्यूबखाली फसलं

सोलापुरातल्या टॉवेल कारखान्याचा डाईंगवाल्याला ईमेल : ‘राखाडी सुताचा लॉट नामंजूर. डेल्टा ई दिवसाच्या उजेडात ०.६, दुकानी ट्यूबलाइटखाली १.८. ठरलेली मर्यादा दोन्हींत १.०.’

डेल्टा ई म्हणजे दोन छटांमधलं यंत्राने मोजलेलं अंतर. डाईंगवाला कोन उन्हात धरून म्हणणार, ‘जुळतंय की!’ जुळतंच. पण मंजूर नमुना एका रंगमिश्रणाचा आणि लॉट दुसऱ्या, बहुधा स्वस्त मिश्रणाचा असला, की उजेड बदलताच राखाडी लालसर मारतो. वरून थोडा रंग चढवून हे सहसा सुटत नाही. रंग उतरवून पुन्हा रंगवलं तर सूत कमजोर होतं. म्हणून असा लॉट बहुतेकदा काळ्यात जातो.

ईमेलची शेवटची ओळ विणकराच्या धास्तीची : ‘जुन्या लॉटमध्ये हे कोन मिसळू नका, टॉवेलवर पट्टे उठतील.’