चार दिवसांत "तुझ्याशिवाय जगू शकत नाही"

ओळख होऊन चार दिवस झालेले असतात आणि समोरचा म्हणतो, "तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही." हे खरं प्रेम की जाळं? पहिल्या आठवड्यात दोन्हींची भाषा सारखीच असते. नव्या प्रेमातही झोप उडते, जेवण जात नाही, सारखा मोबाईल बघावासा वाटतो. म्हणून नुसत्या गोड शब्दांवरून कुणाला खोटं ठरवता येत नाही.

प्रेमाचा मारा करून माणसाला मुठीत घेण्याला 'लव्ह बॉम्बिंग' म्हणतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या युनिफिकेशन चर्च या पंथाच्या संदर्भात हा शब्द पुढे आला. तिथे नव्याने येणाऱ्यावर कौतुकाचा वर्षाव करून त्याला पंथात ओढत.

फरक दिसतो तो पहिल्या 'नाही'ला. समजा, पोलादपूरची मुलगी एसटीने महाडच्या एमआयडीसीत कामाला येते. चौथ्या दिवशी एकजण लग्नाचं बोलतो, नवा मोबाईल देऊ करतो. ती म्हणते, "या आठवड्यात ओव्हरटाईम आहे, रविवारी बोलू. मोबाईल नको." खरी ओढ असलेला हिरमुसेल, पण थांबेल आणि रविवारी तितक्याच मायेने बोलेल. मुठीत घेऊ पाहणारा एका रात्रीत वीस कॉल करेल, "दुसरा कुणी आहे का?" विचारेल, जीव देण्याची धमकी देईल. दुसऱ्या दिवशी रडून माफी मागेल, आणखी मोठी भेट आणेल. राग, माफी, भेट आणि पुन्हा राग हे चक्र दिसलं की सावध व्हा. काहीजण महिनाभरही गोड राहतात, म्हणून एका परीक्षेवर विसंबू नका. काही महिने पैसे, खासगी फोटो आणि लग्नाची घाई दूर ठेवा.

"घरी सांगू नकोस" हा मात्र आपल्याकडे पुरेसा पुरावा नाही. जातीच्या आणि घरच्यांच्या भीतीने खरे प्रेमीही लपवतात. पण जो तुमची जवळची मैत्रीण तोडायला लावतो, "ती आपल्यावर जळते" म्हणतो, तो तुम्हाला एकटं पाडतो आहे. हे तो मुद्दाम करत नसेल, सोडून जाण्याच्या भीतीने करत असेल, तरी तुमची कोंडी तीच. मुलगेही यात सापडतात.

आईबाबांनो, मोबाईल हिसकावू नका. "सगळे आपल्या विरोधात आहेत" हे त्याचं बोलणं त्याने खरं ठरतं. त्यापेक्षा विचारा, "तू नाही म्हणालीस की तो काय करतो?"

धमकी आली तर मेसेज पुसू नका. महिलांसाठी १८१, अठराखालच्यांसाठी १०९८, तातडीला ११२ लावा. जीव देण्याची धमकी आली तर त्याच्या घरच्यांना किंवा ११२ ला कळवा, तुम्ही एकट्या भेटायला जाऊ नका.