तळमजल्यावर गरम पाणी कधी येतं?

लिफ्ट सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत जेवढं बोलून होईल, तेवढ्यात आपला धंदा समजावून सांगायचा, याला नवउद्योगांच्या जगात ‘एलेव्हेटर पिच’ म्हणतात. सोसायट्यांना सोलर वॉटर हीटर विकणारे तरुण हा वेळ बहुधा सूर्य, पर्यावरण आणि वीजबचतीवर घालवतात. पण सोसायटीच्या सेक्रेटरीला बचतीचं गणित नवं नसतं. त्यांच्या गच्चीवर बिल्डरने बसवलेला, फुटक्या नळ्यांचा सोलर अनेकदा आधीच उभा असतो.

तो बंद का पडला, हे ज्याला कळलं त्याचंच बोलणं ऐकलं जातं. पुण्यातली 28 फ्लॅटची सात मजली इमारत घ्या. गच्चीवरच्या टाकीपासून तळमजल्याच्या नळापर्यंत तीसेक मीटर पाइप असतो. एक इंची पाइपात मीटरमागे साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. म्हणजे रात्रभर गार झालेलं पंधरा लिटर पाणी आधी वाहून जाणार, मग कुठे गरम यायला लागणार! खालची मंडळी कंटाळून गीझर लावतात आणि पुढच्या सभेत देखभालखर्चाला हात वर करत नाहीत. उपाय साधा आहे: पाणी फिरतं ठेवणारी परतीची लाइन, सकाळी टायमरवर चालणारा छोटा पंप आणि पाइपांवर उष्णतारोधक वेष्टन.

तेव्हा मांडणी अशी हवी:

“साहेब, तुमच्याकडे तळमजल्यावर सकाळी किती पाणी सोडून द्यावं लागतं? आम्ही परतीची लाइन टाकतो, त्यामुळे खालीही गरम पाणी लगेच येतं. फ्लॅटमागे शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला गीझरला रोज तीन युनिट लागतात. वर्षातले अडीचशे दिवस ऊन धरलं, तर सगळ्या इमारतीचे एकवीस हजार युनिट वाचतात. आधी तुमचा जुना सोलर तपासतो. दुरुस्त होत असेल तर नवा विकत नाही. रविवारी अर्धा तास गच्ची दाखवाल?”

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लिफ्टमध्ये ऑर्डर कोणी देत नाही, गच्चीची किल्ली मात्र मिळू शकते. युनिटला दहा रुपये धरले तर बचत दोन लाख दहा हजारांची होते, पण हा आकडा मी पिचमध्ये घालणार नाही. खर्च सोसायटीचा आणि बचत प्रत्येकाच्या वीजबिलात, हा खरा पेच आहे. ज्याच्याकडे गॅस गीझर आहे किंवा ज्याचा फ्लॅट बंद असतो, तो वर्गणीला अडून बसतो. तो वाद सर्वसाधारण सभेतच मिटतो.

गच्चीवर गेल्यावर मात्र काही गोष्टी लपवता येत नाहीत. शंभर लिटरमागे सुमारे दोन चौरस मीटर संग्राहक लागतो, म्हणजे इथे छप्पन्न, शिवाय सावली पडू नये म्हणून रांगांमध्ये मोकळी जागा. बोअरचं पाणी जड असेल तर आत क्षार साचतात आणि पाणी दरवर्षी थोडं कमी तापतं. आणि जुलै-ऑगस्टमध्ये गीझर लावावाच लागतो.