तीन फेज, तीन आकडे

सकाळी ८.४०
सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलच्या कारखान्यात मागच्या अंगाला ड्रायर आहे. त्याचा ब्लोअर दहा एचपीच्या मोटरवर चालतो. मिस्त्री पिशवी टेकवतात न टेकवतात तोच मालक सांगू लागतात, "मोटर तापतेय. वायरमन म्हणाला, एक फेज जास्त खेचतोय, कॉइल गेली. उचलून न्या आणि भरून द्या."

मिस्त्री मान हलवतात. मोटर भरायची म्हणजे साडेपाच हजारांचं काम. नुसती तपासणी चारशेची. पण आधी टाँगटेस्टर बाहेर निघतो.

८.५५
ब्लोअर पूर्ण भारावर आहे. एकेका तारेभोवती चिमटा घालून मिस्त्री आकडे सांगतात, पोरगा डबीच्या पुठ्ठ्यावर लिहितो. आर ११.१, वाय १३.२, बी ११.७ अँपिअर. सरासरी १२. वाय तिच्यापेक्षा १.२ ने वर, म्हणजे दहा टक्के.

मग व्होल्टेज. तेही मोटरच्या टर्मिनलवर, कारण स्टार्टरमध्ये एखादा कॉन्टॅक्ट जळाला असेल तर ते मेन बोर्डावर कळत नाही. आर-वाय ४०३, वाय-बी ४११, बी-आर ४०१. बोर्डावर जाऊन पाहिलं, आकडे जवळजवळ तेच. स्टार्टर बरा आहे.

"दहा व्होल्टचा फरक," मालक म्हणतात, "त्याने काय होतंय?"

सरासरी ४०५, जास्तीत जास्त फरक ६. दीड टक्काच झाला. पण व्होल्टेजमधला एक टक्का फरक करंटमध्ये सहा ते दहा टक्के होऊन दिसतो. मिस्त्री हे पुठ्ठ्यावर मांडून दाखवतात. मालकांना ते पुरतं पटत नाही.

९.१५
"मग मोटरलाच विचारू." मेन बंद. टेस्टरने तार मेलेली आहे याची खात्री. मग तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवायच्या. दोनच तारांची अदलाबदल केली तर मोटर उलटी फिरते. तिन्ही सरकवल्या तर दिशा तीच राहते. लग घट्ट करायला पोरगा पान्यावर पूर्ण वजन टाकतो.

पुन्हा चालू. आर ११.२, वाय १३.१, बी ११.८. वायच्या तारेवर आता मोटरची दुसरी कॉइल आहे, तरी जास्तीचा करंट वायवरच राहिला. कॉइल बिघडली असती तर तो मोटरच्या टोकाबरोबर दुसऱ्या तारेवर गेला असता. मोटर चांगली आहे. दुखणं लाइनचं.

१०.००
आता लाइनचा शोध. शिलाई विभागातली सोळा मशीनं, इस्त्र्या, पंखे, सगळं एकाच आर फेजवर. केबल जुनी आणि लांबून आलेली. आर दबतो आणि वाय जास्त खेचतो. मला हे उलटं वाटलं होतं. मिस्त्री म्हणाले, दबलेल्या फेजवरच करंट वाढेल असं नसतं, म्हणून नुसता आकडा बघून बोट दाखवू नये.

शिलाई पाच मिनिटं बंद ठेवली. ४०९, ४११, ४०८. करंट ११.८, १२.४, ११.९. मालक स्वतः वाकून मीटर बघतात. शिलाईचा भार तीन फेजवर वाटायचं काम वायरमनकडे. मिस्त्रींचे चारशे.

दुपारी १.२०
दुकान. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. पोराची रोजची हजेरी साडेतीनशे. तो जेवताना मला विचारतो, मोटर नेली असती तर?

२.३०
विहिरीवरची पाच एचपीची मोटर, शेतकऱ्याने रिक्षातून आणलेली. टेबलावर रिकामी चालवली, मिनिटभरच. व्होल्टेज तिन्हीकडे दोन व्होल्टच्या आत. करंट ३.३, ४.९, ५.२. रिकाम्या मोटरवर लाइनचा लहान फरकही मोठा दिसतो, म्हणून तारा सरकवल्याच. या वेळी जास्तीची जोडी टोकांबरोबर सरकली.

मेगरने बॉडीशी तपासलं, ५० मेगओहम. शेतकरी म्हणतो, "मग चांगली आहे की." नाही. मेगर तार आणि बॉडी यांच्यामधलं सांगतो. एकाच कॉइलचे दोन वेढे एकमेकांना चिकटले तर त्याला पत्ता लागत नाही. सहाही टोकं सोडवून मिलिओहम मीटर लावला. ४.१, ४.१, ३.९ ओहम. फरक दोन दशांशाचा. साध्या मल्टिमीटरवर तो नजरेतून सुटला असता.

३.४५
कव्हर काढलं. एका बाजूला वेढ्यांचा गठ्ठा काळपट, वार्निश भाजल्याचा वास. बाकीचं तांबं अजून तांबूस. शेतकरी बोट लावून बघतो आणि गप्प होतो.

५.००
छिन्नीने एका बाजूची कॉइल कापली, दुसरीकडून उपसली. एका कॉइलमध्ये किती वेढे, तारेचा गेज किती, मिस्त्री वहीत लिहून घेतात. जुनं तांबं तागडीवर. भंगाराचे पैसे शेतकऱ्याच्या बिलातून वजा होतात.

७.१०
स्लॉट साफ झाले. उद्या कागद घालायचा, परवा वार्निश. परवा संध्याकाळी मोटर मिळेल, असं शेतकऱ्याला फोनवर सांगून मिस्त्री शटर ओढतात.