काकड्याचे ५४ सेकंद

कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विठ्ठल मंदिरांत पहाटे काकड आरती होते. हल्ली तिथलाच एखादा तरुण मोबाइलवर तिचं चित्रण करतो आणि दिवस वर यायच्या आत मिनिटभराचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर येतो. दृश्यं बहुतेक वेळा सुंदर असतात : गाभाऱ्यातला समईचा उजेड, टाळकऱ्यांचे चेहरे, ओवाळणारे हात. पण जोडणी करताना दर दीड सेकंदाला दृश्य बदलतं, मध्येच पांढरा झोत चमकतो, मूर्ती गर्रकन फिरून समोर येते, आणि देवळातली शांतता पाहणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. ती पोचवायची असेल तर प्रत्येक दृश्य किती वेळ ठेवायचं आणि एकातून दुसऱ्यात कसं जायचं, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवण्याचं माप अभंगातच असतं.

भजनी ठेका आठ मात्रांचा. मिनिटाला ८० मात्रांची लय असेल तर एक आवर्तन सहा सेकंदांत पुरं होतं. म्हणजे ५४ सेकंदांच्या व्हिडिओत नऊ आवर्तनं बसतात. संकलकाने घड्याळ विसरून या नऊ आवर्तनांत विचार करावा. एखादं दृश्य एक आवर्तन राहील, एखादं दीड, एखादं दोन. मृदंगावर सम येते तिथे कान थोडा विसावतो आणि पुढचं ऐकायला तयार होतो. दृश्य तिथे बदललं तर डोळ्यालाही ते खटकत नाही. अगदी समेवर कट केला तर मात्र चित्र किंचित उशिरा आल्यासारखं वाटतं, म्हणून पुष्कळ संकलक तो एखाद-दुसरी फ्रेम आधी घेतात.

यासाठी आधी ध्वनिपट्टीवर प्रत्येक समेला खूण करावी, आणि ती कानाने ऐकून, हाताने करावी. अ‍ॅपमधली आपोआप ठेका ओळखणारी सोय इथे फसते. टाळ जवळजवळ प्रत्येक मात्रेवर वाजतात, त्यामुळे यंत्राला सगळ्याच मात्रा सारख्या भासतात आणि खुणांची नुसती गर्दी होते. शिवाय देवळातलं भजन एका लयीत राहत नाही, ते चढत जातं. पहिल्या मिनिटाची मोजणी चौथ्या मिनिटाला लागू पडत नाही.

समजा, आपल्याकडे सात दृश्यं आहेत. पहिल्यात देवळाबाहेरचा अंधार, दीपमाळ आणि उघडा दरवाजा. हे एक आवर्तन, सहा सेकंद. चित्र बाहेरचं असलं तरी आतल्या टाळांचा आवाज इथूनच सुरू करावा, म्हणजे पाहणारा आवाजाच्या मागे आपणच आत जातो. दुसऱ्यात काकडा पेटतो, त्याला दीड आवर्तन, नऊ सेकंद. वात तुपात बुडते, ज्योत धरते आणि स्थिर होते. ती स्थिर व्हायच्या आत कट केला तर पेटवणं अर्धवट राहतं. तिसरं दृश्य टाळ वाजवणाऱ्या हातांचं, फक्त अर्धं आवर्तन, तीन सेकंद. हा एवढा आखूड तुकडा मुद्दाम ठेवला आहे. सगळीच दृश्यं सहा-सहा सेकंदांची केली तर तिसऱ्या-चौथ्या कटापर्यंत पाहणाऱ्याला पुढचा कट आधीच कळतो आणि लक्ष आरतीवरून जोडणीवर जातं. चौथ्यात मृदंगवाला आणि त्याच्या मागचे गाणारे, पुन्हा सहा सेकंद.

पाचवं दृश्य विठ्ठलाचं, आणि ते पूर्ण दोन आवर्तनं, १२ सेकंद ठेवावं. मोबाइलवर १२ सेकंद एकच दृश्य म्हटलं की करणाऱ्याचं बोट थरथरतं, पाहणारा पुढे सरकेल अशी धास्ती वाटते. पण दृश्यात आतली हालचाल असेल तर ते लांबत नाही. इथे काकड्याचा उजेड मूर्तीवरून फिरतो आहे. आधी मुकुट, मग मुख, मग कटीवरचे हात उजळतात. एक फेरा साधारण चार सेकंदांचा असेल तर १२ सेकंदांत तीन फेरे होतात. कट फेरा पुरा झाल्यावरच घ्यावा. सम आणि फेरा जुळत नसतील तर माझं मत फेऱ्याच्या बाजूने आहे. पाच-दहा फ्रेम पुढे-मागे झालेली सम फारशी कोणाला कळत नाही, पण अर्ध्यात तोडलेलं ओवाळणं प्रत्येकाला जाणवतं. आपण लहानपणापासून ते पुरं झालेलं पाहत आलो आहोत.

सहावं दृश्य हात जोडून उभ्या असलेल्या आजींचं, सहा सेकंद. वॉल्टर मर्च या ज्येष्ठ अमेरिकन संकलकाने ‘द कॉन्व्हर्सेशन’ (१९७४) जोडताना एक गोष्ट टिपली होती. त्याला जिथे कट करावासा वाटे, तिथेच आसपास नट जीन हॅकमन पापणी मिटवत असे. विचार संपतो तिथे पापणी मिटते, असं त्याचं निरीक्षण. आजी मात्र डोळे मिटतात तेव्हा त्यांचं खरं दर्शन सुरू होतं, म्हणून इथे कट लगेच घेऊ नये. मिटलेल्या डोळ्यांवर थांबावं आणि त्या डोळे उघडून नजर वर नेतात तेव्हा निघावं.

आतापर्यंतचे पाचही कट साधे, सरळ आहेत. सातव्या दृश्यात बाहेर उजाडलं आहे, अंगण तेच पण उजेड वेगळा. मधला वेळ गेला हे सांगायला इथे, आणि फक्त इथेच, डिझॉल्व हवा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर तो २५ ते ४० फ्रेमचा ठेवावा. सहा-आठ फ्रेमचा डिझॉल्व चित्र चुकून हलल्यासारखा दिसतो, आणि तीन सेकंदांचा केला तर लहान पडद्यावर दोन्ही चित्रांचा चिखल होतो. अंधारातल्या ज्योतीवरून मूर्तीवर डिझॉल्व करायचा मोह होतो, पण तो टाळावा. गडद भाग विरून जातात, ज्योत मात्र उरते आणि बराच वेळ देवाच्या मुखावर तरंगत राहते. दोन चेहऱ्यांमध्ये केला तर चार डोळे दिसतात. पांढरा झोत तर काढूनच टाकावा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो बोचतो, आणि असे झोत लागोपाठ आले तर प्रकाशामुळे फिट येणाऱ्यांना त्रास होऊ शकतो. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकू नये, असा वेबच्या सुलभतेचा नियमच आहे.

ज्योत संथ दाखवायची असेल तर चित्रणाच्या वेळीच सेकंदाला ५० फ्रेम घ्याव्यात, म्हणजे २५ वर चालवताना ती निम्म्या गतीने, पण सलग हलते. २५ वर घेतलेलं दृश्य नंतर ताणलं तर त्याच फ्रेम दोनदा दिसतात आणि ज्योत अडखळते. टाळ-मृदंगाच्या हातांना संथ गती कधीच देऊ नये, कारण दिसणारी थाप आणि ऐकू येणारी थाप वेगळी पडते.

उजाडलेलं अंगण शेवटची दोन आवर्तनं राहील. गजर संपल्यावर टाळांचा नाद थोडा वेळ घुमतो, तो पुरा ऐकू द्यावा आणि त्याच्याबरोबर चित्र ५० फ्रेममध्ये काळं होऊ द्यावं. व्हिडिओ गजराच्या चढत्या लयीचा असेल आणि आवर्तन चार सेकंदांवर आलं असेल, तरी आवर्तनांचा हिशोब तोच ठेवावा. दृश्यं आपसूक आखूड होतात, वेगळी घाई करावी लागत नाही. शेवटी सगळं एकदा आवाज बंद करून मोबाइलवर पाहावं. आवाजाशिवायही जिथे कट दिसला, नजरेत भरला, तिथे बहुधा एखादी कृती तुटलेली असते. तेवढीच जागा पुन्हा उघडून दुरुस्त करावी.